द्राक्षगर्भ: पिशवी साफ झाल्यावर पुढे काय करायचं

पाळी चुकून अडीच महिने झालेले असतात. घरच्या किटवर दोन रेघा आलेल्या, उलट्या इतक्या की पाणीही ठरत नाही, आणि मध्येच अंगावरून तपकिरी, काळपट जायला लागतं. गारगोटीच्या किंवा आजऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टर पोट तपासून म्हणतात, दिवसांच्या मानाने पिशवी मोठी लागतेय, सोनोग्राफी करून घ्या. सोनोग्राफीत बाळ दिसत नाही, ठोके नसतात, पिशवीभर नुसते पाण्याचे बारीक फोड दिसतात. रिपोर्टवर ‘मोलर प्रेग्नन्सी’ नाहीतर ‘व्हेसिक्युलर मोल’ असं लिहिलेलं असतं. मराठीत याला द्राक्षगर्भ म्हणतात.

यानंतर पिशवी साफ करून घ्यायची, हे सगळ्यांनाच कळतं. गडबड होते ती त्याच्या पुढे. रक्त थांबतं, उलट्या थांबतात, बाई हिंडूफिरू लागते आणि फाइल कपाटात जाते. आठवड्याला एकदा रक्त तपासायला सांगितलेलं असतं, पण बरं वाटत असताना कोल्हापूरची एसटी पकडून कोण जाणार? म्हणून या लेखात सुरुवातीचा भाग थोडक्यात उरकून जास्त जागा त्या तपासण्यांना दिली आहे.

पिशवीत नेमकं काय झालेलं असतं

बाळ आणि वार दोन्ही एकाच फलित बीजापासून तयार होतात. वारेची वाढ मुख्यतः वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रांच्या जोरावर होते. पूर्ण द्राक्षगर्भात स्त्रीबीजातली आईची गुणसूत्रं नाहीशी झालेली असतात. आत गेलेल्या शुक्राणूची गुणसूत्रं दुप्पट होतात आणि सगळी ४६ गुणसूत्रं वडिलांचीच भरतात. त्यामुळे वार वेड्यासारखी वाढते आणि बाळ तयारच होत नाही. अपूर्ण द्राक्षगर्भात आईची गुणसूत्रं जागेवर असतात, पण एका बीजात दोन शुक्राणू शिरतात आणि बेरीज ६९ होते. इथे गर्भाचा थोडा भाग दिसू शकतो, कधी ठोकेही दिसतात, पण तो गर्भ जगण्यासारखा नसतो.

वारेला मुळांसारखे बारीक तंतू असतात. द्राक्षगर्भात त्यांच्यात पाणी भरतं आणि ते फुगतात. दिवस जास्त गेले असतील तर फोड द्राक्षाएवढे होतात आणि घोसासारखे एकमेकांना चिकटलेले असतात. हल्ली सोनोग्राफी लवकर होते, त्यामुळे आठव्या-नवव्या आठवड्यातच निदान होतं, तेव्हा ते जेमतेम भिजवलेल्या साबुदाण्याएवढे असतात. काही वेळा तर नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. ‘द्राक्षं काही पडली नाहीत, म्हणजे साधा गर्भपात असणार’ हा अंदाज म्हणूनच फसवा आहे.

हे कुणाच्याही हातून घडलेलं नसतं. पपई खाल्ली, कळशी उचलली, ग्रहणात भाजी चिरली, यातल्या कशानेही बीजातली गुणसूत्रं हरवत नाहीत. वीसच्या आतल्या आणि चाळिशीपुढच्या बायकांत धोका जास्त असतो आणि आधी एकदा झालं असेल तर पुन्हा होण्याची शक्यता वाढते. सासूबाईंना एवढं डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलं तर घरातलं वातावरण बरंच निवळतं.

शंका कधी घ्यायची

सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण म्हणजे दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात अंगावरून जाणं. कधी ते लाल असतं, बऱ्याचदा जुनं साठलेलं काळपट तपकिरी रक्त असतं. त्यात पाण्याने भरलेले फोड किंवा पातळ पडद्याचे घोस दिसले तर ते फेकू नका. स्वच्छ, कोरड्या डब्यात घालून तसंच दवाखान्यात न्या, ते डॉक्टरांना दाखवल्याने निदान सोपं होतं.

बाकीची लक्षणं एका हार्मोनमुळे येतात. वारेच्या पेशी बीटा एचसीजी तयार करतात. घरच्या किटवरची दुसरी रेघ याच हार्मोनमुळे उमटते. द्राक्षगर्भात या पेशी बेसुमार वाढल्यामुळे आकडा एक लाखाच्या वर जाऊ शकतो, कधी कित्येक लाखांत असतो. नेहमीच्या गरोदरपणातही दहाव्या आठवड्याच्या आसपास तो लाखाला टेकू शकतो, म्हणून एकट्या आकड्यावर निदान होत नाही, सोनोग्राफी लागतेच. इतक्या हार्मोनमुळे उलट्या अतोनात होतात आणि दोन्ही बीजकोशांवर पाण्याच्या मोठ्या गाठी येतात. शिवाय हा हार्मोन थायरॉइडलाही उत्तेजन देतो, त्यामुळे छातीत धडधड, हात थरथरणं, घाम येणं सुरू होतं. पाचव्या महिन्याच्या आत रक्तदाब चढला तर तीसुद्धा द्राक्षगर्भाची खूण असू शकते.

इथे एक सापळा आहे. आकडा फारच जास्त असेल तर चाचणीतली रसायनं हार्मोनच्या गर्दीत बुडून जातात आणि उत्तर उलटं येतं: किट निगेटिव्ह किंवा लॅबचा आकडा अनपेक्षितपणे कमी. पिशवी मोठी, सोनोग्राफीत फोड आणि रिपोर्टवर किरकोळ आकडा, असं विसंगत चित्र दिसलं तर लॅबला फोन करून सांगायचं, ‘मोलची शंका आहे, सॅम्पल डायल्यूट करून पुन्हा लावा.’ नमुना पातळ केला की खरा आकडा बाहेर येतो.

पिशवी साफ करण्याआधी

ही शस्त्रक्रिया रक्ताची सोय, भूलतज्ज्ञ आणि सोनोग्राफी एकाच छताखाली असलेल्या ठिकाणीच करावी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या लोकांसाठी शाहू महाराज वैद्यकीय महाविद्यालयाचं सीपीआर रुग्णालय हे सरकारी ठिकाण आहे आणि शहरातल्या मोठ्या खासगी दवाखान्यांतही ही सोय असते. पिशवी मोठी असेल, हिमोग्लोबिन कमी असेल किंवा थायरॉइड वाढलेलं असेल तर तालुक्याच्या छोट्या नर्सिंग होममध्ये ‘पटकन क्युरेटिंग करून टाकू’ याला होकार देऊ नका.

आधी हिमोग्लोबिन, रक्तगट, बीटा एचसीजीचा नेमका आकडा, थायरॉइड, लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या आणि छातीचा एक्स-रे होतो. रक्त जुळवून तयार ठेवलं जातं. सुरुवातीचा बीटा एचसीजी राहून गेला तर पुढच्या सगळ्या आकड्यांना पहिलं टोकच उरत नाही, म्हणून तो झालाय ना हे नातेवाइकांनी विचारून घ्यावं. धडधड होत असेल तर ते भूलतज्ज्ञांना मुद्दाम सांगा. थायरॉइड काबूत आणल्याशिवाय भूल दिली तर नाडी आणि ताप एकदम भडकू शकतात.

पिशवी व्हॅक्यूमने, म्हणजे सक्शनने रिकामी करतात. कळा आणणाऱ्या गोळ्या देऊन पिशवी रिकामी करण्याची पद्धत इथे टाळतात, कारण पिशवी आकसताना वारेच्या पेशी रक्तात ढकलल्या जाऊन फुप्फुसापर्यंत पोचू शकतात, रक्तस्रावही वाढतो आणि पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. पिशवी आवळणारं औषध सक्शन सुरू झाल्यावर किंवा संपताना देतात. मेडिकल दुकानातून आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्यांचा धोकाही हाच. सोनोग्राफी न करता घेतल्या तर आत द्राक्षगर्भ होता हे कधीच कळत नाही, कारण पडलेलं सगळं मोरीत गेलेलं असतं. अशा गोळ्या घेतल्या असतील आणि पडलेला भाग तपासलेला नसेल, तर तीन आठवड्यांनी घरी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करावी. अजूनही दोन रेघा दिसल्या तर डॉक्टरांकडे जावं.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन घ्यायचं. त्याची गरज द्राक्षगर्भ पूर्ण की अपूर्ण यावर ठरते, पण ते त्या वेळी कळलेलं नसतं, म्हणून इंजेक्शन देऊन टाकलेलं बरं.

बरणी लॅबला पोचलीच पाहिजे

पिशवीतून काढलेला भाग फॉर्मेलिनच्या बरणीत भरून हिस्टोपॅथॉलॉजीला पाठवतात. आपल्याकडे ही बरणी अनेकदा नवऱ्याच्या किंवा भावाच्या हातात दिली जाते, ‘लॅबमध्ये देऊन या’ म्हणून. घाईत ती गाडीच्या डिकीत राहते, नाहीतर ‘काय करायचंय आता’ म्हणून टाकून दिली जाते. असं होऊ देऊ नका. बरणीवर बाईचं पूर्ण नाव, तारीख आणि दवाखान्याचं नाव आहे का ते बघा. फॉर्मेलिन काढलेल्या भागाच्या कितीतरी पट हवं. सलाईनमध्ये किंवा साध्या पाण्यात ठेवलेला भाग खराब होतो आणि रिपोर्ट निरुपयोगी ठरतो. फॉर्म भरताना ‘मोलची शंका’ असं लिहिलं असेल तर पॅथॉलॉजिस्ट त्या नजरेने पाहतात.

रिपोर्टमध्ये पूर्ण की अपूर्ण हे स्पष्ट हवं, कारण पुढचा धोका त्यावर ठरतो. पूर्ण द्राक्षगर्भानंतर साधारण १५ ते २० टक्के बायकांत उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. अपूर्णमध्ये हे प्रमाण शंभरात एक ते पाच इतकंच असतं. सूक्ष्मदर्शकाखाली ठरवता आलं नाही तर ‘पी ५७’ नावाचा खास रंग लावून फरक करतात: अपूर्णमध्ये तो रंग पकडला जातो, पूर्णमध्ये नाही. सोय नसेल आणि संशय राहिला तर डॉक्टर पूर्ण समजूनच तपासण्या ठेवतात.

दर आठवड्याचा आकडा

पिशवी कितीही नीट साफ केली तरी स्नायूत रुतलेल्या काही पेशी मागे राहतात. बहुतेक बायकांत त्या आपोआप मरतात. काहींत त्या जगतात, वाढतात आणि रक्तावाटे फुप्फुसात किंवा इतरत्र जाऊ शकतात. सुरुवातीला त्या ना सोनोग्राफीत दिसतात ना त्रास देतात. पण जिवंत असतील तर हार्मोन सोडतात, आणि तो रक्तात मोजता येतो. इतका विश्वासू निरोप्या फार थोड्या आजारांत मिळतो, म्हणून ही तपासणी टाळण्यात काहीच शहाणपण नाही.

पद्धत अशी: पिशवी साफ केल्यावर दर आठवड्याला एकदा बीटा एचसीजी. ५ एमआययूच्या खाली सलग तीन आठवडे आकडा आला की तो नॉर्मल धरायचा. त्यानंतर महिन्यातून एकदा. ‘फिगो’ या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या सध्याच्या सूचनेप्रमाणे अपूर्ण द्राक्षगर्भात महिन्याभराने एक शेवटची तपासणी पुरते, पूर्णमध्ये तीन महिने दर महिन्याला करायची. बरेच डॉक्टर अजून सहा महिन्यांची जुनी शिस्त पाळतात. ब्रिटनमध्येही पूर्ण द्राक्षगर्भात आकडा ५६ दिवसांच्या आत नॉर्मल झाला तर पिशवी साफ केल्यापासून सहा महिने मोजतात आणि उशीर झाला तर नॉर्मल झाल्यापासून सहा महिने. तुमच्या डॉक्टरांनी जी मुदत सांगितली असेल ती लेखी घ्या आणि तीच पाळा.

एक नमुना उदाहरण घेऊ. भुदरगड तालुक्यातली २४ वर्षांची बाई, पहिलंच गरोदरपण, पूर्ण द्राक्षगर्भ. सक्शन ९ जूनला झालं, त्याआधीचा आकडा १,८६,०००. पुढे तिच्या वहीत असं लिहिलं जातं:

१६ जून: ९,४००
२३ जून: २,१५०
३० जून: ६४०
७ जुलै: २१०
१४ जुलै: ७८
२१ जुलै: ३१
३० जुलै: ९
४ ऑगस्ट: ४
११ ऑगस्ट: २ पेक्षा कमी
१८ ऑगस्ट: २ पेक्षा कमी

या वहीत पाहण्यासारखं असं: पहिल्या आठवड्यात आकडा एकदम कोसळतो, कारण हार्मोनचा मोठा साठा वारेबरोबर बाहेर पडलेला असतो. नंतर दर आठवड्याला तो साधारण निम्म्याहूनही खाली येत जातो. शेवटी उतार मंदावतो, पण दिशा बदलत नाही. जुलैच्या अखेरीस पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलं, २८ तारखेला जाता आलं नाही, म्हणून तपासणी ३० ला झाली. दोन दिवस मागेपुढे झाल्याने काही बिघडत नाही, फक्त वहीत ठरलेली नव्हे तर रक्त दिलेली खरी तारीख लिहायची. तीन सलग नॉर्मल आकडे १८ ऑगस्टला पूर्ण झाले, पण पहिला नॉर्मल आकडा ४ ऑगस्टचा, म्हणजे सक्शननंतर बरोबर ५६ व्या दिवशी. फिगोप्रमाणे ती आता सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये तपासेल. तिच्या डॉक्टरांनी सहा महिने सांगितले असतील तर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत.

सगळे आकडे एकाच लॅबचे हवेत. वेगवेगळ्या लॅबची यंत्रं आणि किट वेगळी असतात. एकीकडचे २१० दुसरीकडे २६० दिसू शकतात आणि आजार परतला की काय या विचाराने झोप उडते. कोल्हापूरच्या बऱ्याच लॅबची तालुक्याच्या ठिकाणी कलेक्शन सेंटर्स असतात. तिथे रक्त देऊन तपासणी त्याच मुख्य लॅबमध्ये होते का, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा, म्हणजे पावसाळ्यात गगनबावडा किंवा चंदगडहून दर आठवड्याला शहर गाठावं लागणार नाही. उपाशीपोटी जायची गरज नसते.

लघवीच्या किटवर ही देखरेख करता येत नाही. किट ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगतं; ६४० चे २१० झाले की ६४० वरच अडले, हे त्यातून कळत नाही.

या आठवड्यांत थोडं रक्त जाणं साधारण दोन आठवडे चालू शकतं. पाळी बहुधा चार ते आठ आठवड्यांत येते. बीजकोशांवरच्या गाठी हार्मोन उतरला की दोन-तीन महिन्यांत आपोआप विरतात, त्यासाठी ऑपरेशन लागत नाही. मात्र पोटाच्या एका बाजूला अचानक असह्य कळ आली आणि उलटी झाली तर गाठीला पीळ पडलेला असू शकतो, तेव्हा थांबू नका. तासाभरात पॅड भिजत असेल, ताप किंवा घाण वास येत असेल, खोकल्यातून रक्त पडत असेल, दम लागत असेल, तीव्र डोकेदुखी किंवा फिट आली, तर पुढच्या आठवड्याच्या तपासणीची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आकडा अडला किंवा वर गेला तर

त्याच बाईचे आकडे ३० जूनपासून असे आले असते तर: ६४०, ६१०, ६५५, ६२५. तीन आठवड्यांत घेतलेले चार आकडे, आणि फरक दर वेळी दहा टक्क्यांच्या आत. म्हणजे आकडा एका पातळीवर अडला. किंवा ७ जुलैपासून २१०, २६५, ३४० असे दोन आठवड्यांत तीन आकडे दर वेळी दहा टक्क्यांहून जास्त चढत गेले असते. या दोन्ही चित्रांत उरलेल्या पेशी जिवंत आहेत असं धरतात. त्याला जीटीएन म्हणतात आणि औषधोपचार लागतो. एका आठवड्यात आकडा थोडा वर आला म्हणून निष्कर्ष काढायचा नाही, म्हणूनच तीन-चार आकड्यांचा नियम आहे. त्यासाठीही सलग तपासण्या झालेल्या असाव्या लागतात: मधले दोन आठवडे बुडवले तर आकडा अडला आहे हेच सिद्ध होत नाही आणि उपचार लांबतो.

आकडा चढला की पहिली शंका नव्या गरोदरपणाची घेतात आणि सोनोग्राफी करतात. ते नसेल तर पोटाची डॉपलर सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे होतो. पुन्हा पुन्हा क्युरेटिंग करणं हा त्यावरचा उपाय नाही, पिशवीला भोक पडण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका मात्र त्यात आहे. योनीत निळसर गाठ दिसली तर तिचा तुकडा काढू देऊ नये, ती भयंकर रक्तस्राव करू शकते.

त्यानंतर गुण मांडले जातात: वय, आधीचं गरोदरपण कोणतं, त्याला किती महिने झाले, आकडा किती, गाठ केवढी, आजार कुठे आणि किती ठिकाणी पसरलाय, आधी कोणती औषधं निकामी झाली. आपल्या उदाहरणातली बाई चाळिशीच्या आतली, आधी द्राक्षगर्भ, चार महिन्यांहून कमी काळ, आकडा हजारच्या आत, गाठ नाही, एक्स-रे स्वच्छ. तिची बेरीज शून्य. सहापर्यंत गुण असतील तर धोका कमी धरतात आणि एकाच औषधावर भागतं. बहुतेक ठिकाणी ते मेथोट्रेक्सेट असतं: आठ दिवसांच्या एका फेरीत एकाआड एक दिवस ५० मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं आणि मधल्या दिवशी फॉलिनिक ॲसिडची गोळी, ही फेरी दर दोन आठवड्यांनी. आकडा नॉर्मल झाल्यावरही तीन फेऱ्या जास्तीच्या देतात. केस सहसा गळत नाहीत. तोंड येणं, डोळे चुरचुरणं होतं. या काळात दुकानातून फॉलिक ॲसिड किंवा मल्टिव्हिटॅमिन आणून खाऊ नये, आणि दुखलं म्हणून मनाने पेनकिलरही घेऊ नये, मेथोट्रेक्सेटशी त्या गोळ्यांचं जमत नाही.

सात किंवा त्याहून जास्त गुण आले तर एकाच वेळी अनेक औषधं लागतात आणि ते काम कर्करोग विभागाचंच. ‘कीमो’ शब्द ऐकून घरात रडारड होते, ती समजण्यासारखी आहे. पण कमी धोक्याच्या गटात जवळजवळ सगळ्याच बायका बऱ्या होतात, पिशवी राहते आणि पुढे मूलही होतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांची पॅकेजेस आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा, उपचार सुरू होण्याआधीच.

मधल्या काळात दिवस राहू द्यायचे नाहीत

नवं गरोदरपण राहिलं की बीटा एचसीजी पुन्हा चढतो आणि तो बाळाचा की उरलेल्या पेशींचा, हे आकड्यावरून ओळखता येत नाही. म्हणून तपासण्या पूर्ण होईपर्यंत गर्भनिरोधक हवंच. निरोध चालतो, गर्भनिरोधक गोळ्याही पिशवी साफ केल्यावर लगेच सुरू करता येतात. पूर्वी गोळ्या टाळत असत, आता ती भीती उरलेली नाही. कॉपर-टी मात्र आकडा नॉर्मल होईपर्यंत बसवू नये, कारण पिशवीची भिंत मऊ असते आणि भोक पडू शकतं. ही जबाबदारी बाईच्या एकटीवर टाकू नये. सक्शननंतरच्या पहिल्या भेटीला नवऱ्यालाही बरोबर बोलवावं आणि हे त्याच्यासमोर सांगावं. ‘लवकर दुसरा चान्स घ्या’ म्हणणारे नातेवाईक घरात असतात, त्यांना उत्तर द्यायला त्याचाच आवाज उपयोगी पडतो.

कीमो झालेली असेल तर उपचार संपल्यापासून साधारण एक वर्ष थांबायला सांगतात. नुसत्या देखरेखीवर आकडा नॉर्मल झालेला असेल तर तपासण्यांची मुदत संपली की लगेच प्रयत्न करता येतात.

पुन्हा द्राक्षगर्भ होण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास असते, म्हणजे जवळपास ९९ जणींना तो होत नाही. दोनदा झाला तर मात्र शक्यता बरीच वाढते आणि तेव्हा जनुकीय तपासणीचा विचार करतात, कारण काही घराण्यांत त्याला कारण असलेला जनुकातला दोष सापडतो. पुढच्या वेळी पाळी चुकली की सहा ते आठ आठवड्यांत पहिली सोनोग्राफी करून घ्यायची, ठोके आणि पिशवी दोन्ही दिसली की बाकीचं गरोदरपण इतरांसारखंच असतं. नाव नोंदवताना द्राक्षगर्भाची जुनी फाइल, हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि ती आकड्यांची वही बरोबर न्यायची. बाळंतपणानंतर वार तपासायला पाठवायची का आणि सहा आठवड्यांनी एकदा बीटा एचसीजी करायचा का, हे तेव्हाच डॉक्टरांना विचारून त्या फाइलवर लिहून घ्यायचं.